दार बंद, वेग शून्य
टॉरेंट अडते तेव्हा नेमके काय होते?



एखादी मोठी फाइल टॉरेंटच्या साहाय्याने उतरवायला लावली आहे, अशी कल्पना करा. पडद्यावर फाइलचे नाव दिसते, आकार दिसतो, ती कोणाकडे पूर्ण आहे हेही दिसते. फक्त वेगाच्या रकान्यात शून्य असते. दहा मिनिटे गेली, तास गेला, तरी शून्य ते शून्यच. बरे, इंटरनेट बंद आहे म्हणावे तर त्याच संगणकावर इतर सगळी पाने झटपट उघडत आहेत! मग फाइल यायला हरकत कोणती?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना घराघरांतील राउटर काय करतो, पोर्ट म्हणजे काय आणि फायरवॉल कोणाला अडवते, हे सारे ओघानेच कळते. म्हणून आज आपण या शून्याचाच पाठपुरावा करू.

तुकड्यांची देवाणघेवाण

नेहमीच्या पद्धतीत फाइल एका मोठ्या संगणकावर ठेवलेली असते आणि सर्वजण ती तेथूनच घेतात. टॉरेंटची पद्धत वेगळी आहे. ब्रॅम कोहेन या अमेरिकन प्रोग्रॅमरने ती २००१ साली पुढे आणली. येथे फाइलचे अनेक तुकडे पाडतात. ४ गिगाबाइटच्या फाइलचे ४ मेगाबाइटचा एक याप्रमाणे तुकडे केले, तर सुमारे १,००० तुकडे होतील. ज्याच्याकडे जो तुकडा आहे तो त्याने दुसऱ्याला द्यायचा आणि आपल्याकडे नसलेला घ्यायचा. ज्याच्याकडे सगळे तुकडे जमले त्याला ‘सीड’ म्हणतात.

यात एक संगणक ‘ट्रॅकर’चे काम करतो. ट्रॅकर फाइल देत नाही. त्याच्याकडे फक्त या फाइलमध्ये सहभागी असलेल्यांच्या पत्त्यांची यादी असते. नवीन आलेल्याला तो ती यादी देतो आणि बाजूला होतो. पुढे एकमेकांना गाठायचे ते सहभागींनी स्वतःच. आपले शून्य जन्माला येते ते नेमके या गाठण्यात.

एक उदाहरण घेऊ. चिपळूणच्या एका मुलीने पावसाळ्यातील ढगांची बरीच छायाचित्रे काढून त्यांची ४ गिगाबाइटची एक फाइल केली आहे. नांदेडच्या एका मुलाला ती हवी आहे. पूर्ण फाइल जगात फक्त चिपळूणच्या संगणकावर आहे. सोयीसाठी या दोन संगणकांना आपण नुसतेच ‘चिपळूण’ आणि ‘नांदेड’ म्हणू. दोघांचेही इंटरनेट उत्तम चालते. तरीही नांदेडच्या पडद्यावर वेग शून्य आहे. का ते पाहू.

एक वाडा, अनेक बिऱ्हाडे

इंटरनेटवरील प्रत्येक निरोपावर दोन पत्ते असतात, कोणाकडून आणि कोणाकडे. पत्त्याचेही दोन भाग असतात. पहिला भाग संगणकाचा क्रमांक. दुसरा भाग म्हणजे पोर्ट. एकाच संगणकावर अनेक प्रोग्रॅम चालू असतात, तेव्हा आलेला निरोप त्यांपैकी कोणाचा हे पोर्टच्या क्रमांकावरून ठरते. पोर्ट म्हणजे काही तार खुपसायचे भोक नव्हे. तो नुसता 0 ते 65535 मधला एक आकडा आहे. टॉरेंटचा प्रोग्रॅम असा एक आकडा निवडतो, समजा 51413, आणि त्यावर कोणी हाक मारते का याची वाट पाहत बसतो.

आता संगणकांच्या क्रमांकांची अडचण पाहा. जुन्या पद्धतीचा पत्ता ३२ बिटांचा असतो. म्हणजे एकूण पत्ते २ चा ३२ वा घात, सुमारे ४२९ कोटी. आज जगात याहून कितीतरी जास्त यंत्रे आहेत. ही टंचाई १९९० नंतर लवकरच जाणवू लागली आणि १९९४ साली पत्ते बदलून देण्याची एक युक्ती मांडली गेली. साऱ्या घराला मिळून बाहेरचा एकच पत्ता द्यायचा. घरातील संगणक, फोन, टीव्ही यांना खासगी पत्ते द्यायचे. असे खासगी पत्ते बहुधा `192.168` ने सुरू होतात. तुमच्या घरी `192.168.1.5` असेल आणि शेजाऱ्यांकडेही तोच असेल, तरी बिघडत नाही, कारण तो पत्ता घराबाहेर जातच नाही.

एखाद्या मोठ्या वाड्यासारखे हे आहे. वाड्याला पत्ता एक, आत बिऱ्हाडे अनेक, आणि देवडीवर नोंदवही घेऊन बसलेला एक कारकून. हा कारकून म्हणजे तुमचा राउटर.

तो काम कसे करतो ते नांदेडच्या घरी पाहू. नांदेडचा संगणक `192.168.1.5` ट्रॅकरला निरोप पाठवतो. निरोप राउटरपाशी येतो. राउटर ‘कोणाकडून’ या जागी असलेला खासगी पत्ता खोडतो, तेथे घराचा बाहेरचा पत्ता लिहितो, स्वतःच्या मनाने एक पोर्ट देतो आणि वहीत ओळ लिहून ठेवतो. ती ओळ साधारण अशी असते. (पत्ते उदाहरणापुरते आहेत.)

```
घरातील    192.168.1.5:50210
बाहेरील   203.0.113.25:40001
समोरचा    198.51.100.80:6969
```

ट्रॅकरचे उत्तर `203.0.113.25` या पत्त्यावर, 40001 या पोर्टवर येते. राउटर वही उघडतो, ओळ सापडते, आणि उत्तर बरोबर `192.168.1.5` कडे पोचते. आतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक निरोपामुळे त्याच्या उत्तरासाठी अशी वाट आपोआप तयार होते. म्हणूनच इंटरनेटवरील पाने उघडताना तुम्हाला कधीच अडचण येत नाही. तेथे पहिली हाक नेहमी तुमचीच असते.

बाहेरून आलेली पहिली हाक

ट्रॅकरशी बोलताना नांदेडने त्याला सांगितले होते, ‘मी 51413 वर ऐकत आहे.’ ट्रॅकरने हा पोर्ट आणि निरोप ज्या पत्त्यावरून आला तो पत्ता जोडून यादीत लिहिले, `203.0.113.25:51413`. चिपळूणला ही यादी मिळाली आणि तिने या पत्त्यावर हाक मारली.

हाक नांदेडच्या राउटरपाशी आली. राउटरने वही उघडली. 40001 ची ओळ आहे, पण 51413 ची नाही. आत पाच यंत्रे आहेत. हा निरोप त्यांपैकी कोणाचा? हे ठरवायला राउटरकडे काही साधन नाही. तो निरोप टाकून देतो. येथे कोणी खोडी केलेली नाही आणि काही बिघडलेलेही नाही. वहीत ओळ नाही, एवढेच कारण.

‘मग नांदेडने चिपळूणला हाक मारावी की!’ असे तुम्ही म्हणाल. अगदी बरोबर. जोडणी एकदा झाली की निरोप दोन्ही दिशांनी जातात, त्यामुळे आधी कोणी हाक मारली याला महत्त्व उरत नाही. पण चिपळूणच्या घरीही तसलाच राउटर आहे, आणि त्याच्या वहीतही नांदेडसाठी ओळ नाही. नांदेडची हाक तेथे जाऊन विरते. दोघेही बाहेर बोलू शकतात. पण बाहेरची पहिली हाक दोघांनाही ऐकू येत नाही.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ‘माझा पोर्ट बंद आहे, म्हणून वेग शून्य आहे’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. दोघांपैकी एकाचे दार उघडे असेल, तर बंद दाराचा संगणक त्याला हाक मारू शकतो आणि काम होते. दोन्ही दारे बंद असली, तरच ती जोडी तुटते.

याचा हिशेब करून पाहा. एका फाइलमध्ये १० जण सहभागी आहेत. त्यांच्या जोड्या होतात ४५. यांपैकी ३ जणांची दारे उघडी आणि ७ जणांची बंद आहेत असे समजा. बंद-बंद अशा जोड्या ७ × ६ ÷ २, म्हणजे २१. त्या जुळणार नाहीत. उरलेल्या २४ जुळतील. उघड्या दाराचा माणूस बाकीच्या ९ ही जणांशी बोलू शकेल, बंद दाराचा फक्त ३ जणांशी. त्याचा वेग कमी होईल, पण शून्य होणार नाही. म्हणूनच शेकडो सहभागी असलेली लिनक्सची फाइल बंद पोर्टवरही उतरते, आणि दोन-चार जणांतली फाइल मात्र अडून बसते. सर्व १० दारे बंद असली, तर ४५ पैकी जुळणाऱ्या जोड्या शून्य!

आता आपल्या उदाहरणात मिरजेचा एक तिसरा संगणक आणा. त्याचे दार उघडे आहे, पण त्याच्याजवळ या फाइलचा एकही तुकडा नाही. त्याचा काय उपयोग? फार मोठा उपयोग! चिपळूण मिरजेला हाक मारते आणि जोडणी होते. नांदेडही मिरजेला हाक मारते आणि जोडणी होते. चिपळूणचा एक तुकडा मिरजेला पोचला की तोच तुकडा मिरज नांदेडला देऊ शकते. पूर्ण फाइल मिळण्याची वाट पाहावी लागत नाही. मघापासून शून्यावर अडलेला नांदेडचा आकडा हलू लागतो, तो चिपळूणशी एकदाही न बोलता!

काही प्रोग्रॅम याहून एक पाऊल पुढे जातात. दोघांशीही जोडलेला तिसरा संगणक त्या दोघांना ‘आता एकाच वेळी एकमेकांना हाक मारा’ असे सुचवतो. दोन्ही राउटरांच्या वहीत बाहेर जाणारी ओळ त्याच क्षणी लिहिली जाते, आणि समोरून आलेली हाक हे आपल्याच हाकेचे उत्तर आहे असे राउटरला वाटते. पण सर्वच राउटरांवर ही युक्ती साधत नाही, आणि तिलाही तो तिसरा लागतोच.

नकार आणि मौन

राउटर हे एक दार झाले. त्याच्या आत संगणकाची स्वतःची फायरवॉल असते. फायरवॉल म्हणजे कोणता निरोप आत येऊ द्यायचा आणि कोणता नाही, याच्या नियमांची यादी. टॉरेंटचा प्रोग्रॅम प्रथम सुरू करताना ‘याला परवानगी द्यायची का?’ अशी खिडकी येते. घाईने ‘नाही’ म्हटले, तर राउटर उघडा असूनही हाक येथे अडते.

फायरवॉल आणि बंद पोर्ट यांतला फरक एका छोट्या प्रयोगाने कळतो. घरातल्याच दुसऱ्या एका लिनक्स संगणकावरून ही आज्ञा द्या.

```
nc -vz 192.168.1.5 51413
```

तीन प्रकारची उत्तरे संभवतात. `succeeded` असे आले, तर प्रोग्रॅम ऐकत आहे आणि फायरवॉल अडवत नाही. लगेच, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच, `Connection refused` आले, तर निरोप संगणकापर्यंत पोचला आहे, पण त्या पोर्टवर कोणी बसलेलेच नाही. संगणकाने तसे उलट टपाली कळवले. यालाच बंद पोर्ट म्हणतात. टॉरेंटचा प्रोग्रॅम बंद असेल किंवा त्याने दुसराच पोर्ट घेतला असेल. तिसऱ्या प्रकारात काहीच उत्तर येत नाही. संगणक थांबत थांबत पुन्हा पुन्हा हाक मारतो आणि शेवटी नाद सोडतो. हे मौन बहुधा फायरवॉलचे असते. निरोप मुकाट्याने टाकून द्यावा, आत कोणी आहे की नाही हेही कळू देऊ नये, असाच तिचा नियम असतो. लगेच मिळालेला नकार आणि लांबलेले मौन, या दोहोंवरून दोष कोठे आहे हे तुम्ही ओळखू शकता.

वहीत कायमची ओळ

घरातल्या घरात उत्तर `succeeded` आले आणि बाहेरून मात्र हाक पोचत नाही, तर अडथळा राउटरवर आहे. उपाय उघड आहे. ‘51413 वर जो कोणी येईल त्याला `192.168.1.5` कडे पाठव’ अशी ओळ राउटरच्या वहीत आपणच लिहून ठेवायची. राउटरच्या पानावर ही सोय बहुधा `Port Forwarding` या नावाने असते. काही राउटर `UPnP` या पद्धतीने प्रोग्रॅमच्या विनंतीवरून ही ओळ आपोआप लिहितात.

यात एक हमखास घोटाळा होतो. घरातील खासगी पत्ते राउटरच वाटतो, आणि तो ते बदलूही शकतो. आज `192.168.1.5` असलेला संगणक पुढच्या आठवड्यात `192.168.1.7` होतो. वहीतील ओळ मात्र 5 कडेच बोट दाखवत राहते. काल चालणारे टॉरेंट आज अडले आणि काही बदललेले दिसत नाही, तर प्रथम हे तपासा. त्या संगणकाला कायमचा पत्ता नेमून देण्याची सोय राउटरवर असते.

वहीत ओळ बरोबर आहे, फायरवॉल उघडी आहे, तरीही बाहेरची हाक येत नाही, असेही घडते. तेव्हा राउटरच्या पानावर त्याचा स्वतःचा बाहेरचा पत्ता पाहा. तो `100.64` ते `100.127` यांपैकी एखाद्या जोडीने किंवा `10` ने सुरू होत असेल, तर तुमच्या राउटरच्या बाहेरही आणखी एक देवडी आहे! पत्त्यांची टंचाई इतकी वाढली आहे की इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या अनेक घरांना मिळून एकच खरा पत्ता देतात, आणि 100.64 पासूनचा पट्टा २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवला गेला. त्या देवडीवरची वही कंपनीच्या हाती असते. तुम्ही स्वतःच्या राउटरवर कितीही ओळी लिहिल्या, तरी हाक तेथवर येतच नाही. अशा वेळी कंपनीकडून स्वतंत्र पत्ता घ्यावा लागतो, किंवा दोन्ही टोकांना १२८ बिटांचे नवे पत्ते असावे लागतात. नव्या पत्त्यांची टंचाई नसल्याने ते बदलून द्यावे लागत नाहीत. पण तेथेही राउटरची फायरवॉल अनाहूत हाक अडवू शकते, हे विसरू नका.

शून्य वाचायला शिका

शून्य एकच दिसले, तरी त्याची कारणे वेगवेगळी असतात आणि पडद्यावरच्या इतर खुणांवरून ती ओळखता येतात. qBittorrent या प्रोग्रॅमचे उदाहरण घ्या. त्यात `Seeds` च्या रकान्यात दोन आकडे असतात. कंसाबाहेरचा आकडा जोडल्या गेलेल्यांचा, कंसातला एकूण ठाऊक असलेल्यांचा.

नांदेडच्या पडद्यावर `0 (1)` असे दिसत होते. म्हणजे ट्रॅकरने एक सीड असल्याचे सांगितले आहे, पण त्याच्याशी जोडणी झालेली नाही. हेच बंद दारांचे शून्य. मात्र तो सीड संगणक बंद करून झोपी गेला असला, तरी काही काळ यादीत नाव राहते. म्हणून निर्णय देण्यापूर्वी थोडे थांबा.

`0 (0)` दिसले आणि ट्रॅकरपुढे `Not working`, शिवाय तळाशी `DHT: 0 nodes` असे असले, तर अडथळा बाहेर जाण्याच्याच वाटेवर आहे. शाळा-महाविद्यालयांच्या जाळ्यांत फायरवॉल पुष्कळदा फक्त नेहमीच्या पानांचे 80 आणि 443 हे पोर्ट बाहेर जाऊ देते. मग ट्रॅकरची यादीच मिळत नाही. येथे घरच्या राउटरचे उपाय लागू पडत नाहीत. हा त्या संस्थेचा नियम आहे, आणि काम योग्य असेल तर जाळे सांभाळणाऱ्यांना विचारणे हाच मार्ग.

`0 (0)` असून ट्रॅकर मात्र `Working` आहे, तर फाइल पूर्ण असलेला कोणी उरलेलाच नाही. पुष्कळदा अशी फाइल ९७ टक्क्यांवर येऊन थांबते. राहिलेले तुकडे सहभागींपैकी कोणाकडेच नसतात. येथे कितीही पोर्ट उघडले, तरी व्यर्थ.

शेवटी एक सूचना. पोर्टची ओळ तुमच्या मित्रासाठी लिहिली, तरी ती साऱ्या जगाला लागू होते. 51413 वर कोणीही हाक मारू शकतो, आणि ती ऐकणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दोष असला तर त्याचा गैरफायदाही घेऊ शकतो. म्हणून लागेल तेवढा एकच पोर्ट उघडा, प्रोग्रॅम अद्ययावत ठेवा आणि काम झाले की ती ओळ खोडून टाका. पण त्यापूर्वी, नांदेडच्या मुला, फाइल पूर्ण उतरल्यावर तुझे उघडे दार एक-दोन दिवस तसेच राहू दे. चिपळूणचा संगणक आज बंद पडला, तर ढगांची ती छायाचित्रे मागणाऱ्या पुढच्या बंद दाराला तूच मिरज होशील.